मूल्यमापन समितीचं इतिवृत्त पहिल्यांदाच लिहिताय? आधी हे वाचा

ताई, जिल्हा परिषदेत सल्लागाराच्या निविदेचं इतिवृत्त तुमच्याकडे आलंय, तर आधी एवढंच सांभाळा: प्रत्येक गुणाशेजारी त्याचं कारण हवं. ‘अनुभव समाधानकारक, १२ गुण’ हे संभाजीनगर खंडपीठात टिकवणं अवघड. समजा, निविदेत तीन पूर्ण कामांना २० आणि दोन कामांना १२ गुण ठरलेत, तर असं लिहा:

‘अनुभव: २० पैकी १२. तीन कार्यादेश जोडले आहेत. पान ४७ वरील कामाचा पूर्णत्वाचा दाखला नाही, म्हणून दोन कामे ग्राह्य.’

कारण नंतर शपथपत्रात घालू म्हणाल, तर ते चालत नाही. मोहिंदरसिंग गिल प्रकरणात १९७७ पासून सर्वोच्च न्यायालयाचं हेच सांगणं आहे.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- आर्थिक लिफाफा उघडल्यावर तांत्रिक गुणांचं इतिवृत्त लिहितात. दर कळल्यावर गुण फिरवले, हा आरोप मग खोडता येत नाही. सह्या आणि तारीख आधीच घ्या.
- निविदेत नसलेला निकष बैठकीत काढतात. अध्यक्षांनी सुचवला तरी नको.
- सदस्यांची फक्त सरासरी ठेवतात. प्रत्येकाची सहीची गुणपत्रिका जोडा. खाडाखोड असेल तिथे त्याच सदस्याची सही घ्या, व्हाइटनर अजिबात नको.