उपमा, रूपक आणि चेतनगुणोक्ती : पेपरात ओळखायचे कसे?

«मी गोव्यात बारावीला आहे, मराठी साहित्य घेतले आहे. ‘सारखा’ आला की उपमा, ‘जणू’ आला की उत्प्रेक्षा, एवढे पाठ आहे, तरी कवितेवरच्या प्रश्नात गुण कापले जातात. रूपक आणि चेतनगुणोक्ती तर एकाच ओळीत दिसतात. नेमके कसे ओळखायचे आणि उत्तरात काय लिहायचे?»

मी फोंडा तालुक्यात उच्च माध्यमिक वर्गांना मराठी शिकवतो. गुण बहुधा अलंकाराचे नाव चुकल्यामुळे जात नाहीत. नाव बरोबर असूनही त्याखालचे स्पष्टीकरण ओळीला लागू पडत नाही, म्हणून ते जातात. कोणत्याही नेमलेल्या कवितेला हात न लावता हे दाखवता यावे, यासाठी चार साध्या अष्टाक्षरी ओळी रचून देतो.

आषाढाच्या पहाटेस
नदी फुगे दुधापरी,
जुना पूल अंग चोरी,
धुक्याची शाल पांघरी.

दुसऱ्या ओळीत उपमा आहे, हे ‘परी’ या शब्दावरून कोणीही सांगेल. उपमेय नदी, उपमान दूध, साम्यवाचक शब्द ‘परी’, इथपर्यंत सगळे ठीक चालते. पुढे साधारण धर्म लिहायची वेळ आली की दहापैकी बरेच जण ‘शुभ्रता’ असे लिहून मोकळे होतात, कारण दूध म्हटले की पांढरा रंग हे समीकरण डोक्यात पक्के बसलेले असते. आषाढातली आपल्याकडची कोणतीही नदी डोळ्यांसमोर आणा. घाटावरून उतरलेल्या पाण्याबरोबर तांबडी माती आलेली असते आणि नदी गढूळ लाल दिसते. कवीने साधारण धर्म ओळीतच सांगितला आहे, तो म्हणजे ‘फुगणे’. चुलीवरचे दूध बघता बघता वर चढते आणि काठाबाहेर येईल अशी धास्ती वाटते, तशी नदी चढते आहे. चारही घटक शब्दांत आलेले असल्यामुळे ही पूर्णोपमा झाली. ‘नदी दुधापरी’ एवढेच शब्द असते, तर साधारण धर्म गाळलेला म्हणून ती लुप्तोपमा ठरली असती आणि मग संदर्भावरून तो धर्म वाचकाला शोधावा लागला असता. तेव्हा साधारण धर्म नेहमी ओळीतल्या क्रियापदात किंवा विशेषणात आधी शोधावा आणि तिथे नसेल तरच स्वतः पुरवावा.

‘सारखा’ या शब्दावर भिस्त ठेवण्यात आणखी एक धोका आहे. ‘पाऊस सारखा कोसळतो’ या वाक्यात तुलना मुळीच नाही. ‘तो वडिलांसारखा उंच आहे’ यात तुलना आहे, पण अलंकार नाही, कारण दोन्ही माणसेच असून त्या साम्यात चमत्कृती नाही, निव्वळ माहिती आहे. जुने साहित्यशास्त्रकार हेच दाखवण्यासाठी ‘गाईसारखा गवय’ असे उदाहरण देत. त्यातून प्राणी ओळखता येतो, काव्य होत नाही.

उत्प्रेक्षेबद्दल थोडक्यात सांगतो. उपमेत कवी दोन वस्तू वेगळ्या ठेवून त्यांतले साम्य सांगतो. उत्प्रेक्षेत उपमेय म्हणजे जणू उपमानच आहे, अशी कल्पना करतो. ‘पूल अंग चोरी, जणू थंडी त्यास भरे’ असे म्हटले, तर पुलाला थंडी भरणे ही घडलेली गोष्ट नसून कवीने कल्पिलेले कारण आहे, म्हणून ती उत्प्रेक्षा. इंग्रजीच्या पेपरात तुम्ही सिमिली आणि मेटॅफर शिकता. तिथे ‘जणू काही’ या अर्थाच्या ओळी सहसा सिमिलीतच मोजल्या जातात. ती सवय मराठीच्या पेपरात आणू नका.

आता तुमचा खरा प्रश्न. रूपकात उपमेय आणि उपमान ही दोन्ही नावानिशी हजर असतात आणि कवी त्यांच्यात भेद ठेवत नाही. ‘धुक्याची शाल’ म्हणजे धुके हीच शाल. ‘लोकरीची शाल’ याची रचनाही तशीच दिसते, पण ‘लोकर हीच शाल’ असा विग्रह करून पाहिला की अर्थ बिघडतो, कारण लोकर हे शालीचे साहित्य आहे, उपमेय नव्हे. ‘चा, ची, चे’ असलेल्या प्रत्येक जोडीवर ही ‘हीच’ची कसोटी लावून पाहावी.

चेतनगुणोक्तीत मात्र उपमानाचे नाव येत नाही. ‘जुना पूल अंग चोरी’ या ओळीत पूल आहे, माणूस कुठेच नाही. आहे ती माणसाची कृती. भिजलेला, भ्यालेला माणूस जसा आक्रसून उभा राहतो, तसे उभे राहणे कवीने निर्जीव पुलाला दिले आहे. हीच ओळ ‘पूल हा म्हातारा’ अशी असती, तर उपमान नावाने आले असते आणि रूपक झाले असते.

तरीही निर्जीव वस्तू आणि सजीवाचे क्रियापद एकत्र दिसले की लगेच चेतनगुणोक्ती लिहू नये. ‘हा रस्ता मडगावला जातो’ हे रोजचे बोलणे आहे, तिथे कोणी रस्त्याला पाय दिलेले नाहीत. ‘ऊन पडते’, ‘वारा सुटतो’ हे प्रयोगही तसेच रूढ झाले आहेत. पण रस्ता मडगावला जाता जाता दमला आणि वडाखाली बसला, असे कोणी लिहिले, तर तिथे जाणून घातलेला चेतन गुण आहे.

चौथ्या ओळीत ‘धुक्याची शाल’ हे रूपक आहे आणि ‘पांघरी’ ही माणसाची कृती आहे, म्हणजे दोन्ही अलंकार एकत्र आले. प्रश्नपत्रिकेत ही एकच ओळ सुटी छापली असेल, तर पांघरणारा कोण ते तिथे दिसतच नाही, म्हणून रूपक लिहावे. शेवटच्या दोन्ही ओळी दिल्या असतील, तर अंग चोरणारा आणि शाल पांघरणारा पूल हा एकच कर्ता दोन्ही क्रियापदांना पुरतो, शाल ही त्याच माणूसपणाला जोड म्हणून आली आहे आणि म्हणून चेतनगुणोक्ती प्रधान ठरते. रूपकाचा उल्लेख पुढे एका वाक्यात करावा. असे एकमेकांत मिसळलेले अलंकार म्हणजे संकर, पण ती संज्ञा अभ्यासक्रमात नसेल तर ती लिहिण्याच्या भानगडीत पडू नये.

शेवटच्या दोन ओळींवरचे उत्तर मी असे लिहीन : ‘या ओळींत चेतनगुणोक्ती अलंकार आहे. पूल ही निर्जीव वस्तू असून अंग चोरणे आणि शाल पांघरणे या माणसाच्या कृती कवीने तिच्यावर आरोपित केल्या आहेत. धुके आणि शाल यांत अभेद कल्पिल्याने त्यात रूपकही आले आहे. खाली चढत चाललेल्या पाण्याची धास्ती आणि पहाटेचा गारठा पुलाच्या या हालचालीतून सूचित होतो.’ यातले शेवटचे वाक्य रसग्रहणाच्या प्रश्नात गाळू नका. ‘त्यामुळे काव्यसौंदर्य वाढले आहे’ हे वाक्य मात्र खुशाल गाळा. ते कोणत्याही कवितेखाली चालते, त्यामुळे परीक्षकाला त्यातून काहीच कळत नाही.