रजेच्या पहिल्या मेसेजमध्ये आजाराचं नाव लिहायचं का?

«डॉक्टरांनी डिप्रेशन आहे म्हणून सांगितलंय आणि दोन आठवडे घरी राहायला सांगितलंय. उद्या सकाळी साहेबांना मेसेज करायचाय. खरं लिहिलं तर कायमचा शिक्का बसेल, नाही लिहिलं तर नाटक करतेय असं वाटेल. नेमकं किती सांगू?»

पहिल्या दिवशी आजाराचं नाव लिहू नका, आणि त्याच्या जागी दुसऱ्या आजाराचं खोटं नावही लिहू नका. हे मी का म्हणते, ते एका केसवरून सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती चिंचवडच्या एका खासगी कंपनीत अकाउंट्सला होती. तिशी नुकतीच ओलांडलेली. पुरवठादारांची बिलं आणि महिन्याच्या जीएसटी रिटर्नची जुळवाजुळव तिच्याकडे. कित्येक आठवडे झोप नाही, जेवण नाही, आकडे डोळ्यांसमोर असून डोक्यात शिरत नाहीत, अशी अवस्था. शनिवारी मनोविकारतज्ज्ञांनी तपासून औषध सुरू केलं, दोन आठवडे विश्रांती सांगितली आणि दहा दिवसांनी परत बोलावलं. रविवारी संध्याकाळी ती माझ्याकडे आली, तेव्हा सोमवारी पाठवायचा मेसेज मोबाइलमध्ये तयार होता.

मेसेज चांगला पानभर होता. डिप्रेशनचं नाव, गोळीचं नाव, झोप कधीपासून लागत नाही, घरी काय ताण आहे, गेल्या महिन्यात एका बिलाची नोंद चुकली तीही यामुळेच, आणि तीनदा माफी. सोबत जोडायला प्रिस्क्रिप्शनचा फोटोही काढून ठेवलेला.

मी तिला म्हटलं, आपण एकेक वाक्य घेऊ आणि एवढंच विचारू, की हे वाचून साहेब सोमवारी काही वेगळं करणार आहेत का? ‘मी दोन आठवडे येणार नाही’ वाचून ते काम दुसऱ्याला देतील. ‘रिटर्नची फाइल अमुक फोल्डरमध्ये आहे’ वाचून ती उघडतील. ‘डिप्रेशन आहे’ वाचून ते काय करतील? फार तर काळजी करतील, नाहीतर घाबरतील, नाहीतर कुणाला तरी विचारतील. रजा मंजूर करायला त्यांना डॉक्टरांचा सल्ला आणि तारखा लागतात, निदान लागत नाही. चुकलेल्या बिलाचं वाक्य तर तिने स्वतःच खोडलं. आजारी माणूस पहिल्याच दिवशी स्वतःविरुद्ध लेखी जबाब देऊन बसतो, असं मी बऱ्याचदा पाहिलंय.

मग ती म्हणाली, «ताई, तापाचं लिहिते. व्हायरल. कुणी काही विचारत नाही.»

इथे मी ठाम असते. तीन-चार दिवसांत साहेब विचारणार, ताप उतरला का? मग त्या तापाचा टायफॉइड करावा लागतो आणि टायफॉइडचे रिपोर्ट दाखवावे लागतात. शिवाय डॉक्टरांचं सर्टिफिकेट वेगळं बोलतं. आजाराचा तपशील न सांगणं हा तुमचा खासगी मामला आहे. खोटं कारण लेखी देणं मात्र नोकरीच्या शिस्तीत बसत नाही, आणि ते उघडं पडलं की मूळ आजार खरा असूनही कुणी विश्वास ठेवत नाही.

निदान मागे ठेवण्याची आणखी दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे पहिल्या भेटीतलं निदान पुष्कळदा तात्पुरतं असतं. थायरॉइड, बी-१२ अशा तपासण्या अजून यायच्या असतात, कारण त्यांच्या बिघाडातही असाच थकवा आणि उदासी दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत डॉक्टर निदान बदलू शकतात, पण साहेबांच्या डोक्यात पहिलंच नाव राहतं. दुसरं कारण कायद्याचं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातलं कलम २३ तुमच्या मानसिक आरोग्याची आणि उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क तुम्हाला देतं, आणि उपचार करणाऱ्यांवर ती गुप्त ठेवण्याचं बंधन घालतं. पण तुम्ही स्वतःहून व्हॉट्सॲपवर साहेबांना लिहून पाठवलेली गोष्ट तुमच्या डॉक्टरांच्या हातात राहत नाही. तिचा स्क्रीनशॉट कुठे जाईल, हे त्या साहेबांच्या स्वभावावर अवलंबून. नंतर सांगायचं ठरलं तर कधीही सांगता येतं. सांगितलेलं परत घेता येत नाही.

शेवटी सोमवारी सकाळी गेलेला मेसेज असा होता:

«सर, नमस्कार. माझी तब्येत बरी नाही. शनिवारी डॉक्टरांना दाखवलं, उपचार सुरू झाले आहेत आणि त्यांनी दोन आठवडे पूर्ण विश्रांती सांगितली आहे. त्यामुळे आजपासून मला वैद्यकीय रजा हवी आहे. दहा दिवसांनी पुन्हा तपासणी आहे, त्यानंतर रुजू होण्याची तारीख कळवते. २० तारखेच्या रिटर्नची फाइल शेअर्ड ड्राइव्हवर आहे, तीन पुरवठादारांची बिलं जुळायची बाकी आहेत, त्यांची नावं त्याच फाइलमध्ये वर लिहिली आहेत. या काळात फोनवर बोलता येणार नाही, अगदी अडलं तर मेसेज करा, संध्याकाळी बघेन. सर्टिफिकेट एचआरला मेल करते.»

यात लपवाछपवी नाही आणि गोलमालही नाही. नुसतं ‘बरं वाटत नाहीये, आज येत नाही’ लिहिलं असतं, तर दुपारपर्यंत चार फोन आले असते. लोक आजाराचं नाव विचारतात ते बरेचदा कुतूहलापोटी नव्हे. माणूस कधी येणार, हे त्यांना कळत नसतं म्हणून. डॉक्टरांना दाखवलंय, इतके दिवस सांगितलेत आणि पुढची बातमी अमुक दिवशी देईन, या तीन गोष्टी मिळाल्या की बहुतेकांचं समाधान होतं. मेसेज ऑफिसच्या ग्रुपवर न टाकता फक्त साहेबांना पाठवायचा, हेही आम्ही ठरवलं. ग्रुपवर ‘गेट वेल सून’ची रांग लागते, आणि त्यात कुणीतरी काय झालं म्हणून विचारतंच.

साहेबांनी विचारलंच, «अरे, काय झालं? सगळं ठीक ना?» त्याचं उत्तर आम्ही आधीच लिहून ठेवलं होतं. आजारात, तेही अशा आजारात, त्या क्षणी शब्द सुचत नाहीत आणि मग माणूस एक तर सगळं ओकतो नाहीतर उत्तरच देत नाही. उत्तर एवढंच होतं: «विचारपूस केलीत, बरं वाटलं सर. उपचार चालू आहेत, थोडा वेळ लागेल. बाकीचं सध्या घरापुरतं ठेवतेय.» साहेबांनी अंगठा पाठवला आणि विषय तिथे थांबला. नेहमी थांबतोच असं नाही. पुन्हा विचारलं, तर हेच वाक्य पुन्हा पाठवायचं. प्रत्येक वेळी नवं उत्तर दिलं की समोरचा त्या उत्तरांतून ओळखायला लागतो.

खरी गळती मेसेजमधून होत नाही, ती घरातून आणि कागदातून होते. साहेबांनी लँडलाइनवर किंवा नवऱ्याच्या नंबरवर फोन केला आणि सासूबाईंनी उचलला, तर सासूबाई काळजीपोटी सगळं सांगून मोकळ्या होतात. म्हणून तिच्या नवऱ्याने घरातल्या सगळ्यांना एकच वाक्य देऊन ठेवलं: «तब्येत बरी नाही, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे.»

कागदाचं जास्त नाजूक आहे. प्रिस्क्रिप्शन कधीही जोडू नका. त्यावरच्या गोळीचं नाव मोबाइलवर टाकलं की ती कशासाठी देतात ते दोन सेकंदांत दिसतं. रजेला सर्टिफिकेट लागतं, आणि त्यावर ‘माझ्या उपचाराखाली आहेत, अमुक ते अमुक तारखेपर्यंत विश्रांतीचा सल्ला दिला आहे’ एवढं लिहिलेलं बहुतेक ठिकाणी चालतं. पण कितीही मोघम लिहिलं, तरी वर छापलेलं लेटरहेड मनोविकारतज्ज्ञांचं असेल तर तेच सगळं सांगून जातं. तिचे डॉक्टर एका मोठ्या हॉस्पिटलमध्येही बसत होते. तिने विनंती केल्यावर त्यांनी हॉस्पिटलच्या लेटरहेडवर लिहून दिलं. ती सोय नसेल आणि फॅमिली डॉक्टरही तुम्हाला तपासत असतील, तर त्यांच्याकडून घेता येतं, मात्र त्यांनी खरोखर तपासून. हे सर्टिफिकेट तिने साहेबांना न पाठवता थेट एचआरला मेल केलं. विषयात फक्त ‘वैद्यकीय रजा’ लिहिलं आणि फाइलच्या नावातही आजार येऊ दिला नाही. काही कंपन्या लांबच्या रजेला निदान मागतात. तेव्हा आधी विचारा, हा कागद कोण वाचणार आणि कुठे राहणार? कंपनीचा डॉक्टर असेल, तर कागद बंद पाकिटात त्याच्याकडेच द्यायची विनंती करा.

काही आजारांत नाव पहिल्याच दिवशी सांगावं लागतं. कांजिण्या झाल्या असतील, तर पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून त्या पसरतात, आणि शेजारच्या टेबलावरची मैत्रीण गरोदर असेल तर तिला आजच कळायला हवं. फुप्फुसाच्या क्षयाचंही असंच, तिथे सोबत काम करणाऱ्यांची तपासणी करावी लागते. कामावर इजा झाली असेल, तर ती कुठे आणि कशी झाली हे पहिल्या दिवशी लेखी गेलंच पाहिजे, नाहीतर भरपाईच्या वेळी अडतं. आणि तुम्ही गाडी किंवा मशीन चालवत असाल आणि गोळीने गुंगी येत असेल, तर आजाराचं नाव नको, पण ‘अमुक तारखेपर्यंत मशीनवर काम करू नये’ हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि द्या.

दहा दिवसांनी डॉक्टरांनी तिची विश्रांती आणखी एक आठवडा वाढवली. दुसरा मेसेज दोन ओळींचाच होता, त्यात नवी तारीख आणि नवं सर्टिफिकेट. रुजू व्हायच्या आधी मात्र प्रश्न बदलला. रात्रीच्या गोळीमुळे सकाळी जड वाटायचं, त्यामुळे तिला पहिला महिना नऊऐवजी दहाला यायचं होतं, आणि दर गुरुवारी माझ्याकडे यायला लवकर निघायचं होतं. आता कंपनीकडून काहीतरी मागायचं होतं, म्हणून थोडं जास्त सांगणं रास्त होतं. तिने एचआरच्या बाईंना भेटून सांगितलं, की उपचार काही महिने चालतील आणि डॉक्टरांनी वेळेची ही सवलत लिहून दिली आहे. निदान सांगायचं की नाही, ते तिने त्या खोलीत बसून, त्या बाईंचा चेहरा पाहून ठरवायचं, असं आमचं बोलणं झालं होतं. तिने एचआरला सांगितलं, साहेबांना नाही. साहेबांना फक्त बदललेली वेळ कळवण्यात आली.