काच दोन बोटं उघडी असली तरी गाडीतला कुत्रा तापतोच

प्रश्न: वाशीत किराणा घ्यायला उतरताना पगला दहा मिनिटं गाडीत ठेवलं, काच दोन बोटं उघडी ठेवली, तर चालेल ना?

नाही, चालणार नाही. मी नेरूळच्या एका पशुवैद्यकीय दवाखान्यात मदतनीस आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ऊन काचेतून आत शिरतं, डॅशबोर्ड आणि सीट तापतात आणि ती उष्णता आतच कोंडते. बाहेर ३२ अंश असेल तर दहा मिनिटांत आत सुमारे ४२ होतात, अर्ध्या तासात ५० च्या वर. सगळ्यात जोरात चढतं ते सुरुवातीलाच, त्यामुळे 'पटकन येतो' याला काही अर्थ उरत नाही. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये हे मोजून पाहिलं होतं. बाहेर फक्त २२ अंश असतानाही तासाभरात गाडीत ४७ झाले, आणि काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडला नाही.

आता तुमच्या पगकडे बघा. कुत्र्याच्या अंगाचं तापमान साडेअडतीसच्या आसपास असतं. गाडीतली हवा त्याहून गरम झाली की ती हवाच त्याला तापवते. मग त्याच्याकडे उरतं फक्त धापा टाकून जीभ आणि श्वासनलिकेतला ओलावा उडवणं. आपल्याकडे हवा आधीच दमट, त्यात बंद गाडीत त्याचाच श्वास साठतो. ओलावा उडतच नाही. पगचं नाक आखूड, श्वासाची वाट अरुंद, म्हणून तो इतर कुत्र्यांच्या आधी हरतो.

मे महिन्यात आमच्याकडे असाच एक पग आला. मालक सांगत होते, "ताई, दहाच मिनिटं झाली हो, सावलीत लावली होती." दुकानाच्या बिलावरची वेळ पाहिली तर पंचवीस मिनिटं उलटली होती, आणि तोवर सावली सरकली होती. हिरड्या लालभडक, लाळ चिकट, पाय लटपटत होते. ताप ४१.८. आम्ही आधी अंगभर गार पाणी ओतलं आणि पंखा लावला, सलाईन त्यानंतर.

तुमच्यावर अशी वेळ आली तर तुम्हीही हेच करा: तिथल्या तिथे सावलीत नेऊन पाणी ओता, वारा घाला, मग दवाखाना गाठा. येताना गाडीचा एसी चालू ठेवा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, थोड्या वेळात तोच गरम होऊन उष्णता अडवतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका, फुप्फुसात जाईल.

तो उठून शेपटी हलवायला लागला तरी दवाखान्यात आणाच. आमचा पग संध्याकाळी बरा दिसत होता. दुसऱ्या दिवशी रक्ताचे जुलाब सुरू झाले आणि त्याला चार दिवस ठेवून घ्यावं लागलं. मूत्रपिंडावरचा आणि रक्त गोठण्यावरचा परिणाम एक-दोन दिवसांनीच दिसतो.