असेस, इव्हॅल्युएट, टू व्हॉट एक्स्टेंट: इतिहासाच्या उत्तरात नेमकं काय बदलायचं?

प्रश्न: इतिहासाच्या पेपरात ‘असेस’, ‘इव्हॅल्युएट’ किंवा ‘टू व्हॉट एक्स्टेंट’ आलं की मी मला माहीत असलेलं सगळं लिहितो आणि शेवटी निष्कर्षही देतो. तरी ‘उत्तर वर्णनात्मक आहे’ असा शेरा मिळतो. या शब्दांप्रमाणे उत्तर बदलायचं म्हणजे काय करायचं?

उत्तर: मुद्दे बहुतेक तेच राहतात. ते कशासाठी मांडताय, ते बदलतं. हे तिन्ही शब्द तुमच्याकडून निकाल मागतात, आणि तो शेवटच्या चार ओळींत नाही, पहिल्या वाक्यापासून दिसायला हवा. ‘असेस’मध्ये एका गोष्टीचं वजन ठरवायचं असतं. ‘इव्हॅल्युएट’मध्ये निकष लावून तिला जोखायचं असतं. ‘टू व्हॉट एक्स्टेंट’मध्ये समोर एक विधान असतं आणि ते कुठपर्यंत टिकतं, कुठून पुढे टिकत नाही, हे दाखवायचं असतं. प्रत्येक परीक्षा मंडळ या शब्दांच्या सीमा थोड्या वेगळ्या आखतं, त्यामुळे आपल्या मंडळाची गुणदान योजना एकदा जरूर वाचा.

सगळ्यात जास्त घोळ तिसऱ्या प्रकारात होतो, म्हणून तोच एका प्रश्नावर करून बघू: ‘हिटलर सत्तेवर आला तो कितपत व्हर्सायच्या तहामुळे?’

नेहमीचं उत्तर असं असतं. एक परिच्छेद तहावर, एक मंदीवर, एक प्रचारावर, एक वायमार म्हणजे हिटलरपूर्व जर्मन प्रजासत्ताकाच्या राज्यघटनेच्या दोषांवर, आणि शेवटी ‘अशा प्रकारे तह हे महत्त्वाचं कारण होतं, पण इतर कारणंही होती’. यात चूक माहिती एकही नसते. पण हा निष्कर्ष कुठल्याही क्रांतीला, कुठल्याही युद्धाला जसाच्या तसा चिकटवता येतो. तुमचंही शेवटचं वाक्य दुसऱ्या प्रश्नाखाली बसत असेल, तर शेरा का मिळाला ते तिथेच कळतं.

‘कितपत’चं उत्तर द्यायला मोजमापाचं काहीतरी साधन हवं. या प्रश्नात ते आयतंच आहे: काळ. तह जून 1919 चा, पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीशी झालेला. युद्धाचं उत्तरदायित्व जर्मनीवर टाकणारं कलम 231, सैन्यावर 1 लाखाची मर्यादा, नुकसानभरपाई, हे सगळं 1928 मध्येही होतंच. तरी मे 1928 च्या निवडणुकीत नाझींना 2.6 टक्के मतं पडली. सप्टेंबर 1930 मध्ये ती 18.3 टक्के झाली आणि जुलै 1932 मध्ये 37.3. तह तोच, मतं चौदापट. म्हणजे नुसता तह ही वाढ समजावू शकत नाही. मधल्या काळात मंदी आली, 1932 च्या सुरुवातीला बेकारांचा आकडा साठ लाखांच्या घरात गेला. आणि ज्या जुलैमध्ये नाझींना विक्रमी मतं मिळाली, त्याच महिन्यात लोझानच्या परिषदेत नुकसानभरपाई जवळजवळ संपवण्यात आली होती.

इथे पुष्कळ जण थांबतात आणि ‘तहाचा फारसा संबंध नाही’ असं लिहून टाकतात. तेही घाईचं. 1929 मध्ये भरपाईच्या नव्या यंग योजनेविरुद्ध जी मोहीम झाली, तिच्यात हिटलरला हुगेनबर्गसारख्या वृत्तपत्रसम्राटाची साथ मिळाली. त्या मोहिमेतून झालेलं सार्वमत साफ पडलं, पण एका छोट्या पक्षाच्या नेत्याचं नाव देशभर पोहोचलं. बेकारीचा राग कुणावर काढायचा, याचं उत्तर लोकांच्या मनात तहाने आधीच तयार ठेवलं होतं. म्हणजे तहाने जमीन तयार केली, पीक मंदीने आणलं.

आता प्रश्नातले शब्द पुन्हा वाचा. ‘मतं वाढली’ असं विचारलेलं नाही, ‘सत्तेवर आला’ असं विचारलंय. नोव्हेंबर 1932 मध्ये नाझींची मतं घटून 33.1 टक्क्यांवर आली होती. तरी 30 जानेवारी 1933 ला हिटलर चॅन्सलर झाला, कारण माजी चॅन्सलर फॉन पापेनच्या मंडळींना वाटलं की त्याला मंत्रिमंडळात घेऊन काबूत ठेवता येईल, आणि राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गने मान्यता दिली. या शेवटच्या पायरीवर तहाचा वाटा सगळ्यात कमी. ही एक पायरी वेगळी काढली की उत्तराची पातळीच बदलते, कारण ‘कितपत’चं उत्तर आता एक न राहता टप्प्याटप्प्याने वेगवेगळं येतं.

मग पहिलं वाक्य असं होईल: ‘तहाने नाझी प्रचाराला तक्रार पुरवली, पण ती मतांत बदलली ती मंदीमुळे, आणि मतांचं सत्तेत रूपांतर झालं ते सत्ताधाऱ्यांच्या हिशेबांमुळे, त्यामुळे तहाचा वाटा पार्श्वभूमीपुरता मोठा आणि निर्णायक क्षणी लहान.’ पुढचा प्रत्येक परिच्छेद या वाक्याचा एक तुकडा सिद्ध करतो. परिच्छेदाची सुरुवात ‘दुसरं कारण म्हणजे मंदी’ अशी नको. ‘तहाची तक्रार 1928 मध्ये मतं मिळवू शकली नाही, 1930 मध्ये मिळवू शकली, कारण…’ अशी हवी. मंदी इथेही येते, पण तहाशी तुलना करत.

हाच प्रश्न ‘असेस’ने विचारला, म्हणजे ‘हिटलरच्या उदयातल्या तहाच्या महत्त्वाचं मूल्यमापन करा’, तर तह मध्यभागी ठेवायचा. त्याची भरपाई, त्याचा अपमान, त्याचा वायमार पक्षांना चिकटलेला कलंक, यांतलं काय जास्त उपयोगी पडलं ते तपासायचं. मंदी फक्त तराजूच्या दुसऱ्या पारड्यात, तहाचं वजन दाखवण्यापुरती. तिच्यावर स्वतंत्र दोन पानं लिहिली की उत्तर हातातून गेलं.

‘इव्हॅल्युएट’चा प्रश्न बहुधा वेगळाच असतो, उदाहरणार्थ ‘शांतता तह म्हणून व्हर्सायच्या तहाचं परीक्षण करा’. इथे पहिल्या परिच्छेदातच निकष सांगा. फ्रान्सची सुरक्षितता? जर्मनीला न्याय? अंमलबजावणीची शक्यता? निकष बदलला की निकाल बदलतो. सुरक्षिततेच्या निकषावर कागदावर तह कडक दिसतो: छोटं सैन्य, निःसैनिकीकृत ऱ्हाइनलँड. अंमलबजावणीच्या निकषावर तो कच्चा ठरतो, कारण अमेरिकेच्या सिनेटने त्याला मंजुरीच दिली नाही. आणि एक पथ्य पाळा: 1939 चं महायुद्ध माहीत आहे म्हणून 1919 च्या मुत्सद्द्यांना मूर्ख ठरवू नका. त्यांच्यापुढे मार्च 1918 चा ब्रेस्ट-लिटोव्हस्कचा तहही होता, ज्यात जर्मनीने स्वतः रशियाला फार मोठा प्रदेश सोडायला लावला होता. त्याच्याशी तुलना केली तर ‘व्हर्साय कठोर’ या वाक्याला माप मिळतं.

पेपरात वेळ कमी असेल तर लिहायला बसण्याआधी कच्च्या कागदावर फक्त निकालाचं वाक्य लिहा, आणि त्यात ‘कारण’ आणि ‘पण’ हे दोन्ही शब्द आहेत का बघा. ते वाक्य सुचत नसेल, तर मुद्द्यांची यादी वाढवत बसू नका. दोन कारणांची एकमेकांशी तुलना कशाच्या आधारावर करणार, ते आधी ठरवा: काळ, व्याप्ती, की त्याशिवाय घटना घडली असती का. वाक्य बहुतेक तिथूनच निघतं.