प्रतिज्ञा म्हणता येईल इतकं हळू

प्रिय पोरी,

परवा पोलीस परेड ग्राउंडवरून परतताना तू म्हणालीस, “काका, एवढं हळू धावायचं तर लाज वाटते. चालणारे आजोबा पुढे जातात.” तेव्हा उशीर झाला होता म्हणून मी नुसतं हसून गाडी काढली. पण तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून नीट लिहितोय.

आधी बुधवारी काय झालं ते आठव. तुझी १० किलोमीटरची सर्वांत चांगली वेळ ५८ मिनिटं, म्हणजे जीव तोडून धावलीस तेव्हा एका किलोमीटरला साधारण ५:४८. आणि बुधवारच्या ‘सोप्या’ धावेत तू ६:१५ नं धावत होतीस. शर्यतीच्या वेगात आणि सोप्या वेगात फरक जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. बाराव्या मिनिटाला मी तुला शाळेतली प्रतिज्ञा म्हणायला लावली. ‘भारत माझा देश आहे’ ठणठणीत आलं. ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ हेही आलं. पण ‘माझ्या देशातल्या समृद्ध आणि’ इथे तू श्वास घेतलास, ‘विविधतेने’ म्हणून पुन्हा घेतलास, आणि ‘नटलेल्या परंपरांचा’ कुठेतरी गिळलंस. मग आपण वेग कमी करत करत ७:२० वर आलो, चार-पाच मिनिटं तसेच धावलो, आणि तेच वाक्य तू ‘अभिमान आहे’ पर्यंत एका दमात म्हटलंस. वाक्य संपल्यावर एक साधा श्वास आणि लगेच पुढचं वाक्य. तुझा सोपा वेग तो. ६:१५ हा नव्हे.

प्रतिज्ञा मी गंमत म्हणून निवडली नव्हती. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस इथल्या शाखेत कार्ल फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बोलण्याच्या चाचणीवर बरीच वर्षं काम केलं. ते धावणाऱ्याला त्यांच्या देशाची प्रतिज्ञा म्हणायला लावत आणि मग एकच विचारत: आरामात बोलता येतंय का? उत्तरं तीन. ‘हो’, ‘हो, पण…’ आणि ‘नाही’. त्यांना असं दिसलं की ‘हो, पण…’ जिथे सुरू होतं, साधारण तिथेच प्रयोगशाळेतल्या यंत्रावर श्वसनाचा पहिला उंबरठा दिसतो. म्हणजे तोंडाला मास्क लावून जे मोजायचं, ते पाठ असलेल्या चार ओळींनी बऱ्यापैकी कळतं. आपल्याकडे प्रत्येकाला पाठ असलेला, मध्ये एक लांबलचक वाक्य असलेला मजकूर हाच. तू ‘हो, पण…’ च्याही पुढे गेली होतीस आणि त्याला सोपं म्हणत होतीस.

त्या उंबरठ्यावर नेमकं काय होतं, हे एकदा समजून घे. आपण म्हणतो ‘दम लागला, ऑक्सिजन कमी पडला’. पण तुझ्यासारख्या निरोगी मुलीच्या रक्तात तेव्हाही ऑक्सिजन पुरेसा असतो. अडचण असते ती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्याची. वेग वाढला की स्नायूंत आम्ल जास्त तयार होतं. रक्तातलं बायकार्बोनेट ते शमवतं, पण त्या शमवण्यातून आणखी कार्बन डायऑक्साइड निघतो. तो बाहेर काढायला मेंदू श्वास वाढवतो. आता बोलणं म्हणजे काय? एक श्वास घेऊन तो चार-पाच सेकंद हळूहळू सोडत राहणं. उंबरठ्याच्या खाली शरीराला ही चैन परवडते. वर गेलं की परवडत नाही, आणि वाक्य मध्येच तुटतं. म्हणून ‘समृद्ध आणि’ पाशी घेतलेला तो श्वास मला घड्याळातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त सांगून गेला.

आता लाजेचं. हळू धावणं खरोखरच विचित्र वाटतं, हा तुझा भास नाही. ताशी सातेक किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला साधारण साडेआठ मिनिटं, या वेगाच्या खाली माणसाचं शरीर आपणहून चालायला लागतं. तुझा सोपा वेग त्या सीमेपासून फार लांब नाही, म्हणून पायांना कळत नाही की धावायचं की चालायचं. त्यात तू एक चूक करतेस: वेग कमी करायचा म्हणून पाऊल संथ टाकतेस आणि त्याची लांबी तीच ठेवतेस. मग टाच पुढे आपटते, शरीर हवेत वर-खाली होतं, आणि धाव जड वाटते. त्याऐवजी पावलांची लय जवळजवळ तीच ठेव आणि पाऊल आखूड कर. चपला सरपटवत नव्हे, पण जमिनीलगत. पहिले तीन-चार दिवस बावळट वाटेल, मग ते पायात बसतं.

आणि चढावर आखूड पावलांनीही वाक्य तुटत असेल तर सरळ चाल. यवतेश्वरच्या घाटात तुझा सोपा वेग म्हणजे काही ठिकाणी चालणंच आहे. तिथे किलोमीटरचा आकडा बघूच नकोस, तो दर वळणाला बदलतो. श्वास तेवढा सारखा ठेव.

एवढं हळू कशासाठी, हे विचारशीलच. आपल्याला या धावांतून जे हवंय ते वेगातून कमी आणि वेळातून जास्त येतं. स्नायूंत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका वाढायला, त्यांच्याभोवती केशवाहिन्यांचं जाळं दाट व्हायला आठवड्यामागून आठवडे पुष्कळ मिनिटं धावत राहावं लागतं. ७:२० नं तू ही मिनिटं सहज साठवू शकतेस. ६:१५ नं साठवायला गेलीस तर त्यांची किंमत दुसरीकडून वसूल होते. स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, जास्त खर्च होतं, ते भरून यायला दिवसभर लागतो, आणि तुझा पुढचा दिवस रिकाम्या टाकीवर उभा राहतो.

तुझ्याच वहीत हे लिहिलेलं आहे. मी ती परत एकदा चाळली. सोमवार, बुधवार, शुक्रवार ६:१५ ते ६:२५. मंगळवारी ट्रॅकवर ८०० मीटरच्या पाच फेऱ्या, आणि त्यातल्या शेवटच्या दोन प्रत्येक वेळी पहिल्या तीनपेक्षा दहा-बारा सेकंदांनी मागे. रविवारी १६ किलोमीटर, त्यातले शेवटचे चार रखडत. तू त्यापुढे ‘स्टॅमिना कमी’ असं लिहिलंयस. मला तसं वाटत नाही. सोमवारी जे राखून ठेवायचं होतं ते तू सोमवारीच खर्च करतेस, मग मंगळवारी जिथे खरं जोरात धावायचं तिथे पाय देत नाहीत. सगळेच दिवस मधल्या वेगाचे होतात: सोपे म्हणण्याइतके सोपे नाहीत, कठीण म्हणण्याइतके कठीण नाहीत.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. तिशीत असताना मीही रोज ‘थोडा दम लागला पाहिजे’ अशा हिशेबानंच धावायचो. श्वासाची तयारी भराभर होते, हाडं आणि कंडरा मात्र सावकाश मजबूत होतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दीड महिन्यात छाती म्हणत होती अजून जोरात, आणि डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला बोटाच्या पेराएवढ्या एकाच जागी दाबलं की कळ यायची. तरीही धावलो. हाडाला बारीक तडा निघाला आणि तो पावसाळा मी खिडकीत बसून काढला. तुझी परवाची पोटरीची तक्रार त्या जातीची नव्हती. पण दुखणं असं एका बिंदूवर येऊन थांबलं तर त्याच दिवशी थांब आणि मला फोन कर.

आता ही चाचणी कुठे फसवते तेही सांगतो, नाहीतर उद्या तू तिचीच भक्त होशील.

पहिल्या दहा मिनिटांत तिच्यावर विश्वास ठेवू नकोस. सुरुवातीला श्वास कामाच्या मागे असतो, पळतानाही फडाफड बोलता येतं, आणि सगळ्यांना तेव्हाच वाटतं की आज पाय हलके आहेत. म्हणून पहिली प्रतिज्ञा दहाव्या मिनिटानंतर, मग दर वीस-पंचवीस मिनिटांनी. लांब धावेत शेवटी त्याच वेगाला वाक्य तुटायला लागेल. उन्हात आणि दमट हवेत तर लवकरच, कारण त्वचा थंड ठेवायला रक्त तिकडे वळतं आणि हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात. तेव्हा वेग सोड, श्वास धर. मार्चअखेरीस तुझं ७:२० चं ७:४५ झालं तर ते बिघडणं नाही.

गटात धावताना आणखी एक गंमत होते. दोघं गप्पा मारतायत असं दिसतं, पण एकच बोलत असतो आणि दुसरा नुसता ‘हं’, ‘हो ना’ करतो. तो ‘हं’ वाला उंबरठ्याच्या वर असतो. गेल्या रविवारी तो ‘हं’ तुझा होता. पुढच्या वेळी असं झालं की गोष्ट तू सांग, त्यांना ऐकू दे. तुला सांगता येत नसेल तर मागे राहा.

आणि सर्वांत महत्त्वाचं, आपल्या सातारकरांसाठी: उतारावर ही चाचणी काहीच सांगत नाही. घाटातून खाली येताना श्वास एकदम हलका होतो, गाणंही म्हणता येईल, पण मांड्या प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असतात. लांबत लांबत ताण घेणाऱ्या त्या स्नायूंचं नुकसान श्वासात उमटत नाही. ते दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं. तेव्हा उतारावर कानांनी ठरव. पावलांचा थाप-थाप आवाज मोठा झाला की वेग जास्त आहे.

सर्दी-खोकला असेल त्या दिवशी चाचणी करू नकोस, ती खोटंच सांगणार. छातीत दुखलं किंवा सपाटीवर हळू धावतानाही शिट्टीसारखा श्वास वाजला, तर तो प्रश्न डॉक्टरांचा, माझा नाही.

पुढचे आठ आठवडे असं करू. सोम, बुध, शुक्र पूर्ण प्रतिज्ञेचा वेग, मग तो ७:२० असो की ७:५०. मंगळवारी ट्रॅकवर मात्र बोलायचंच नाही, तिथे दोन शब्दही निघता कामा नयेत. दर दोन आठवड्यांनी एका बुधवारी, सकाळी सहालाच, तोच सपाट पाच किलोमीटरचा फेरा, वाक्य न तोडता. वहीत फक्त त्या फेऱ्याची वेळ आणि हवा कशी होती ते लिही. त्याच श्वासात वेळ कमी होत गेली तर आपण बरोबर आहोत. नाही झाली, तर आधी झोप बघू, मग मंगळवारच्या फेऱ्या कमी करू.

रविवारी पावणेसहाला ग्राउंडच्या फाटकाशी ये. घड्याळाच्या काचेवर चिकटपट्टी लावून ये, मी तपासणार आहे. आजोबा पुढे गेले तर त्यांना नमस्कार करायचा, पूर्ण वाक्यात.

तुझा,
काका