बाटलीमागे एक मोठा चमचा मध

प्रश्न: ॲपल सायडर आणि मीड म्हणजे बिअर-वाईनपेक्षा नक्की काय वेगळं? एक सफरचंदाची आणि एक मधाची, म्हणजे दोन्ही गोडच असणार ना?

नाही. हे "गोडच असणार ना" ऐकलं की मला माझा दादा आठवतो, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

माझं माहेर दिंडोरीचं. दादाची वाईनच्या द्राक्षांची बाग आहे, त्यात बरीचशी शेनिन ब्लांक. मी गेली काही वर्षं इंग्लंडमध्ये, हेरफर्डला राहते. आमच्या गल्लीच्या मागे सायडरच्या सफरचंदांच्या बागा आहेत. ऑक्टोबरात शेजारचे आजोबा डॅबिनेटची पोती आणून देतात. त्या सफरचंदाचा पहिला घास घेतला तेव्हा गोड लागलं आणि लगेच कच्च्या सुपारीसारखा घसा आवळला. इथे हे फळ खाण्यासाठी लावतच नाहीत. गोडी, आंबटपणा आणि तुरटपणा यांवरून सायडरच्या सफरचंदांचे चार गट पाडतात. ही वर्गवारी १९०३ साली ब्रिस्टलजवळच्या लाँग ॲश्टनच्या संशोधन केंद्रात झाली आणि बागवाले आजही तीच वापरतात. डॅबिनेट गोड-तुरट गटातलं.

त्या वर्षी मी सायडर केली आणि फेब्रुवारीत पहिल्यांदा मीड लावली. सायडर म्हणजे सफरचंदाचा रस आंबवलेला आणि मीड म्हणजे मधाचं पाणी आंबवलेलं. वाईन द्राक्षाच्या रसाची. या तिन्हींत साखर आयतीच असते, यीस्ट टाकलं की काम सुरू. बिअरचं मात्र वेगळं. सातूत असते ती साखर नव्हे, पिष्ट. म्हणून सातूला मोड आणून, भरडून, साधारण ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात, तेव्हा कुठे पिष्टाची साखर होते. सायडरला बिअरची धाकटी बहीण म्हणतात ते मला पटत नाही. तिच्यात धान्य नाही, उकळणं नाही, कडूपणा देणारी हॉप्सची फुलं नाहीत. पबात त्याच ग्लासात, तेवढ्याच ताकदीची मिळते म्हणून नातं जोडलं गेलंय. बनवण्याच्या रीतीने ती वाईनच्या घरातली.

आता गोडी. माझ्या वहीतले आकडेच देते. १.२ किलो मधात पाणी घालून एकूण साडेचार लिटर केलं आणि त्यात हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता दाखवणारी तरंगती नळी, सोडला: १.०७८. साध्या पाण्याचा आकडा १.०००, वरचं जवळपास सगळं साखरेमुळे. यीस्ट घेतलं ते शॅम्पेनचं, १८ टक्के अल्कोहोलपर्यंत तग धरणारं. मधात यीस्टला लागणारं नायट्रोजन फारच कमी असतं आणि मी पहिले तीन दिवस पोषक घालायचं विसरले. चौथ्या दिवशी सडक्या अंड्याचा वास आला. उपाशी यीस्टची ती खूण. पोषक थोडं थोडं घालत गेले तसा वास गेला. सात आठवड्यांनी आकडा आला ०.९९८ आणि पुढचे पंधरा दिवस तो हलला नाही. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे आकडा एकच्याही खाली जातो. म्हणजे साखर संपली होती आणि ताकद झाली होती साधारण साडेदहा टक्के. मे महिन्यात अर्ध्या लिटरच्या आठ बाटल्या भरून पत्र्याची बुचं ठोकली.

जूनमध्ये खरड छाटणी उरकून दादा आला. मोठ्या कौतुकाने एक बाटली उघडली. वास घेतला तोवर तो खूश होता. घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. "अगं, बिघडलंय हे. मधाचं आहे आणि गोड नाही?"

मला ते फार लागलं. चार महिन्यांचं काम होतं.

तो परत गेल्यावर मी सामानाच्या दुकानात विचारायला गेले, की तयार मीड गोड कशी करू? दुकानदार म्हणाला, यीस्ट केव्हाच मेलंय, मध घाल आणि बूच लाव. मी ऐकलं. पाच बाटल्या उघडल्या, प्रत्येकीत एक मोठा चमचा मध घातला, पुन्हा बुचं ठोकली आणि जिन्याखालच्या कपाटात ठेवल्या. दोन बाटल्या मात्र तशाच राहू दिल्या, कारण मला ती चव आवडली होती. जुलैत उन्हाळा तापला. तेविसाव्या रात्री कपाटात एक बाटली फुटली, आणि तिच्या धक्क्याने की आपापल्या दाबाने कोण जाणे, मिनिटभरात आणखी दोन. दाराच्या लाकडात काचेचा बोटभर तुकडा रुतला होता. कपाट बंद होतं आणि आम्ही वर झोपलो होतो म्हणून निभावलं. उरलेल्या दोन मी जाड हातमोजे आणि चष्मा घालून, टॉवेलात गुंडाळून बर्फात ठेवल्या आणि चांगल्या गार झाल्यावर बुचं सैल केली. छतापर्यंत फेस उडाला.

दादाचा फोनवरचा निकाल: "म्हणून सांगत होतो, मध आंबवायचाच नसतो."

मधाचा काही दोष नव्हता. मोठ्या चमच्यात वीस ग्रॅम मध, अर्ध्या लिटरला वीस म्हणजे लिटरला चाळीस. मधात सुमारे ८० टक्के साखर, म्हणजे लिटरला ३२ ग्रॅम. बंद बाटलीत यीस्टने लिटरला चार ग्रॅम साखर खाल्ली की द्रवाच्या साधारण एकपट आकारमानाचा वायू त्यात कोंडतो. माझ्याकडे आठपट होणार होता. नेहमीच्या बिअरमध्ये तो अडीचपट असतो आणि शॅम्पेनच्या त्या जाड, जड बाटल्यांत सहापटीच्या आसपास. डोळ्याला निवळ दिसणाऱ्या मीडमध्येही यीस्टच्या असंख्य पेशी असतात, आणि १८ टक्क्यांचं यीस्ट साडेदहाला मरत नाही. साखर नव्हती म्हणून ते गप्प बसलं होतं, इतकंच.

आणि आता दादासाठी. त्याची शेनिन २२ ब्रिक्सला उतरते, म्हणजे रसात वजनाने सुमारे २२ टक्के साखर असते. हायड्रोमीटरवर ती १.०९२ होईल. माझं मधाचं पाणी १.०७८, म्हणजे १९ ब्रिक्स. त्याच्या द्राक्षाचा रस माझ्या मधाच्या पाण्यापेक्षा गोड होता! त्या रसाची ड्राय, म्हणजे साखर जवळपास न उरलेली, वाईन होते तेव्हा तो बाटलीवर हौसेने हात फिरवतो, कुणाला "बिघडलंय" म्हणत नाही. मग मधालाच वेगळा न्याय का? पेय गोड लागणार की नाही हे यीस्टने किती साखर शिल्लक ठेवली त्यावर ठरतं, आधी किती होती त्यावर नाही.

सायडरचंही तेच. माझ्या डॅबिनेटचा रस १.०४८ होता आणि थांबला ०.९९९ ला. तेवढ्याच १.०४८ वर सुरू होणारी साधी बिअर १.०१० च्या आसपास थांबते, कारण सातूतल्या काही लांब साखळीच्या शर्करा यीस्टला पचत नाहीत. म्हणजे घरच्या सायडरमध्ये बिअरपेक्षा कमी ऐवज उरतो. बिअर तरी गोड लागत नाही, कारण त्या शर्करांना फारशी गोडी नसते आणि वर हॉप्सचा कडूपणा असतो. तुम्ही प्यायलेली सायडर गोड असेल तर ती बहुधा आंबून झाल्यावर गोड केलेली आहे. ब्रिटनमध्ये तर ३५ टक्के रस असला की तिला सायडर म्हणता येतं, बाकी पाणी आणि साखर चालते. हे मला मुळीच मान्य नाही. गोड सायडर अवश्य प्या, पण त्यावरून सफरचंदाची चव ठरवू नका.

गोडी नाकाने आणि आंबटपणानेही फसते. ड्राय मीडला मधाचा वास पुरता असतो, म्हणून जीभ गोडीची वाट पाहते आणि ती आली नाही की दादासारखी तक्रार करते. उलट आंबट वाईनमध्ये लिटरला आठ-नऊ ग्रॅम साखर असली तरी ती ड्राय लागते. युरोपात साध्या वाईनला ड्राय म्हणायची मर्यादा लिटरला ४ ग्रॅम, आंबटपणा भरपूर असेल तर ९, आणि ४५ पासून पुढे ती गोड. मीडसाठी घरी करणारे हायड्रोमीटर पाहतात: १.०१० च्या खाली ड्राय, १.०२५ च्या वर गोड. विकत घेताना "मधाची" या शब्दावर जाऊ नका, ड्राय लिहिलंय की स्वीट ते वाचा.

गोड मीड हवीच असेल तर योग्य रीत अशी. आकडा पंधरा दिवस स्थिर राहू द्या, थंडीत निवळू द्या, गाळ सोडून वरचं नळीने काढून घ्या. मग साडेचार लिटरला सल्फाइटची एक गोळी आणि साधारण एक ग्रॅम पोटॅशियम सॉर्बेट घाला, दोन्ही बरोबर. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, फक्त वाढू देत नाही, त्यामुळे आंबणं जोरात चालू असताना त्याचा उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी मध, मग एअरलॉक, म्हणजे वायू बाहेर सोडणारं पण हवा आत न घेणारं झाकण, लावून आणखी दोन-तीन आठवडे. आकडा खाली सरकला नाही तरच बाटली. अशी मीड गोड होते पण फसफसत नाही. गोड आणि फसफसती दोन्ही हवी असेल तर बाटल्या गरम पाण्यात पाश्चराइझ कराव्या लागतात. ते काम मी घरात करणार नाही.

हे सगळं मी इंग्लंडचं सांगतेय. इथे स्वतःपुरती घरी केलेली चालते, महाराष्ट्रात परवान्याशिवाय करू नका. पुण्यात आणि नाशकात मीड बनते, ती विकत घ्या. आणि मीडची ताकद वाईनजवळची असू शकते, ती बिअरच्या ग्लासाने पिऊ नका. हे आधी सांगायला हवं होतं.

पुढच्या जूनला दादा आला तेव्हा मध न घातलेल्या त्या दोन बाटल्यांपैकी एक काढली. वर्षभरात तिचा तिखटपणा गेला होता. त्याने अर्धा ग्लास संपवला आणि विचारलं, "यात मध कधी घातलास?" मी उरलेली मीड उभ्या नळीत ओतली आणि हायड्रोमीटर त्याच्याच हातात दिला. ०.९९८. वहीत मागच्या मे महिन्याच्या पानावरही तेच लिहिलेलं होतं.