नाशिकच्या लहान हॉटेलात रूमचा रेट कशावरून बदलायचा?

प्रश्न: नाशिकला आमचं 14 रूमचं हॉटेल आहे. शेजारच्यांचे रेट बघून आम्ही रेट लावतो. कधी आठवडाभर आधीच फुल्ल, कधी निम्म्या रूम रिकाम्या. रेट नेमका कशावरून बदलायचा?

उत्तर:

बुकिंग किती वेगाने भरतंय त्यावरून. त्र्यंबक रोडला आमच्या 16 रूम आहेत आणि काउंटरवर एक दोनशेपानी वही. कुठलीही तारीख 30, 14, 7 आणि 3 दिवसांवर आली की तोवर किती रूम गेल्या, एवढंच तिच्यात लिहितो.

2025 चा तिसरा श्रावणी सोमवार 11 ऑगस्टला होता. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेची माणसं रविवारीच येतात, म्हणून कमाई 10 तारखेच्या रात्रीची. रेट नेहमीचाच, 2200. एरवीच्या रविवारी 30 दिवस आधी एखादी रूम गेलेली असते, 14 दिवस आधी तीन. त्या रविवारच्या 30 दिवस आधी 4 गेल्या होत्या, 14 दिवस आधी 11, आणि 9 दिवस आधी फुल्ल. मी खूश. वडील म्हणाले, "एवढ्या लवकर भरलं म्हणजे स्वस्तात विकलंस." पुढचे नऊ दिवस फोनवर नुसतं 'नाही' म्हणत बसलो, तेव्हा पटलं.

आता हिशोब बघा. सगळ्या रूमचे मिळून 35,200 आले. पहिल्या 4 रूम गेल्यावर रेट 2600 केला असता आणि 11 गेल्यावर 3000, तर 42,000 झाले असते. शेवटच्या दोन रिकाम्या राहिल्या असत्या तरी 36,000.

एक चकवा आहे. मागच्या वर्षीच्या तारखेशी तुलना करू नका, तिथीशी करा. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने तिसरा सोमवार 31 ऑगस्टला येतो; 9 ऑगस्टच्या रविवारी तर श्रावणही लागलेला नसतो. द्राक्षांच्या हंगामातले, जानेवारी ते मार्चचे शनिवार मात्र शनिवारांशीच ताडून बघायचे.

दुसरं, एकाच फोनवर सहा रूम गेल्या तर तो वेग नव्हे. लग्नाचं किंवा ग्रुपचं बुकिंग वहीत वेगळ्या शाईने लिहा, नाहीतर उगाच रेट चढवाल.

वेग कमी असेल तर रेट 14 दिवस आधीच थोडा उतरवा. मी एकदा दोन दिवस आधी ॲपवर 2200 चे 1500 केले. ज्यांनी आधी बुक केलं होतं त्यातल्या तिघांनी फुकटात कॅन्सल करून तीच रूम 1500 ला परत घेतली, आणि नवीन गिऱ्हाईक आलं एकच. आता शेवटच्या दोन दिवसांत सूट द्यायचीच झाली तर फक्त दारात आलेल्या माणसाला. तीही ॲपचं कमिशन वाचतं तेवढीच.